पानं नसलेली चोवीस झाडं : फोटोंवरून ओळख, प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

टेकडीच्या उतारावरची चोवीस झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याला सुतळीने बांधलेला क्रमांक, आणि मावसभावाने गेल्या आठवड्यात काढलेले फोटो. पान एकाही झाडावर नाही, म्हणून तर हा खटाटोप. पालवी फुटायच्या आत फोटोंवरून प्रत्येक झाडाचं नाव पेन्सिलीने लिहायचं, जूनमध्ये पानं आली की जाऊन पडताळायचं, आणि मगच ते नाव शाईने पक्कं करायचं. चुकलेलं नाव खोडायचं नाही, शेजारी बरोबर नाव लिहायचं. कुठे फसलो तेच तर कळायला हवं आहे.

पहिली बैठक संध्याकाळी झाली. मावसभावाचे फोटो सुंदर आहेत. मावळतीचं आकाश, त्यावर काळ्या फांद्यांची जाळी. भिंतीवर लावावेत असे, पण ओळखीच्या कामाचे नाहीत. जाळी दिसते, डहाळी दिसत नाही. एवढ्यावर फक्त क्र. ३ सुटलं. खोडावर शंकूसारखे जाड काटे आणि फांद्या मजल्यामजल्याने चहूबाजूंना आडव्या निघालेल्या, म्हणजे काटेसावर. बाकी तेवीस शिल्लक.

११ फेब्रुवारी

बुंध्याचे फोटो बरे आहेत, म्हणून आज सालीवरून विभागणी केली. खोल चिरा पडून चौकोनी खवले झालेली साल एका बाजूला, गुळगुळीत फिकट साल दुसऱ्या बाजूला, पापुद्रे सुटणारी तिसरीकडे, आणि उरलेली ‘करडी, खरखरीत’ या नावाखाली. हा शेवटचा ढीग सगळ्यात मोठा झाला, तेव्हाच शंका यायला हवी होती. तरी उत्साहाच्या भरात पंधरा नावं लिहून टाकली. क्र. ९ धावडा, कारण साल गुळगुळीत आणि पांढुरकी. क्र. १७ काकड, कारण करड्या सालीचे वेडेवाकडे तुकडे सुटताहेत. क्र. १४ मोह, प्रश्नचिन्हासह.

यादी बाईंना दाखवली. बाईंनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे आणि त्यांची माझ्यावर चिडण्याची पद्धत फार सौम्य आहे. त्यांनी सगळी पानं उलटली आणि विचारलं, “अगं, यातली झाडं किती वयाची आहेत?”

मला सांगता येईना.

“मग सालीवरून नाव कसं लिहिलंस? ऐनाचं पोर पाहिलंयस का कधी? मोठ्या ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, पण पोराची तशी नसते. साल वयाप्रमाणे बदलते. आणि फोटोत तर ती पावसाप्रमाणे, धुळीप्रमाणे, दगडफुलाप्रमाणेही बदलते.”

घरी येऊन क्र. १७ चे दोन फोटो शेजारीशेजारी लावले. एक सकाळच्या तिरप्या उन्हातला, दुसरा सावलीतला. पहिल्यात साल भेगाळलेली दिसते, दुसऱ्यात जवळजवळ सपाट. झाड एकच, बुंधा एकच, बाजूही तीच. सालीवरून काय काढायचं ते यापुढे शेवटी, आणि तेही आधीच्या पुराव्याला साक्षीदार म्हणून.

१५ फेब्रुवारी

आज पुन्हा फोटो काढायला गेलो, या वेळी फक्त डहाळ्यांचे. पहिला तास वायाच गेला. डहाळी बारीक, मागे लख्ख आकाश. कॅमेरा आकाश मोजतो आणि डहाळी काळी करतो, किंवा डहाळी सोडून मागच्या टेकडीवर फोकस धरतो. दोन्हींवर उपाय एकच निघाला : डहाळीमागे तळहात धरायचा. कॅमेऱ्याला फोकस करायला जवळ काहीतरी मिळतं, उजेडाचा हिशेब सुधारतो आणि वर जाडीचा अंदाजही येतो. हात पोचत नाही तिथे उजेडाची भरपाई एक ते दोन पायऱ्यांनी वाढवायची. आकाश पांढरंफटक होतं, होऊ दे.

ऊन बाजूने यायला हवं. समोरून उजेड पडला की पानाचा वण सपाट डाग दिसतो, बाजूने पडला की त्याची कड उठून येते. फ्लॅश तर नकोच.

काही फांद्या उंच होत्या. खाली पडलेली काटकी उचलायचा मोह झाला, पण ती कोणत्या झाडाची हे कोण सांगणार? ठरवलं की पडलेली काटकी वापरायची नाही, त्यापेक्षा लांबून झूम केलेला फोटो बरा. तोडायचं तर काहीच नाही. खालची फांदी हळूच वाकवायची, मावसभावाने धरायची, मी टिपायचं. तो म्हणाला, “ताई, यात फोटो कुठे आहे? ही तर काठी आहे.” म्हटलं, काठीच हवी आहे.

प्रत्येक झाडाचे पाच फोटो : पूर्ण झाड, छातीच्या उंचीवरचा बुंधा पट्टीसह, किमान चार-पाच वण दिसतील एवढी डहाळी, तीच डहाळी पाव फेरा फिरवून, आणि शेंडा जवळून. फाइलींची नावं लगेच बदलली, नाहीतर आठवड्याने सगळ्या काठ्या सारख्याच दिसतात.

```
17-1-jhad.jpg
17-2-bundha.jpg
17-3-dahali.jpg
17-4-dahali-phirvun.jpg
17-5-shenda.jpg
```

१८ फेब्रुवारी

आज एकच प्रश्न प्रत्येक झाडाला विचारला : पानं समोरासमोर होती की एकाआड एक? पान गेलं तरी त्याची जागा जात नाही. देठ जिथे तुटला तिथे वण राहतो आणि वणाच्या लगेच वर डोळा असतो, ज्यातून पुढची फांदी फुटते. वणांची मांडणी म्हणजेच पानांची मांडणी.

फांद्यांवरून हे ठरवता येत नाही. समोरासमोरच्या दोन डोळ्यांपैकी एकच फुटतो, किंवा दोन्ही फुटून एक फांदी मोडते, आणि मग झाड एकाआड एक असल्याचं भासतं. म्हणून फांद्या नाही, वण मोजायचे, आणि तेही यंदाच्या कोवळ्या डहाळीवर.

खरी फसगत वेगळीच निघाली. क्र. ९ च्या तिसऱ्या फोटोत दोन वण डाव्या-उजव्या कडेला समोरासमोर, त्यावर एकच वण मधोमध, त्यावर पुन्हा दोन. म्हणजे आहे तरी काय? एकदा जोडी, एकदा एकटा? दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग चौथा फोटो, म्हणजे पाव फेरा फिरवलेला, उघडला. आता मधला एकटा वण कडेला गेला होता आणि त्याच्या समोर त्याचा जोडीदार होता. ज्या झाडांची पानं समोरासमोर येतात त्यांत बहुधा प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. एका बाजूने फोटो काढला की एक जोडी आडवी, पूर्ण दिसते, आणि पुढची जोडी उभी येते, तिच्यातला एक वण कॅमेऱ्याकडे आणि दुसरा डहाळीमागे लपलेला. फोटो खोटं बोलत नाही, अर्धं सांगतो. डहाळी फिरवून दुसरा फोटो काढायची कल्पना बाईंची, त्याचं श्रेय त्यांना इथे लेखी देऊन ठेवते.

म्हणजे क्र. ९ समोरासमोर पानांचं. आणि डहाळी चांगली जाडजूड. धावड्याचं पान लहान, डहाळी बारीक, सुतासारखी लोंबणारी. मोठं पान पेलायला जाड डहाळी लागते, हे उलटही वापरता येतं : जाड डहाळी दिसली की मोठं किंवा संयुक्त पान शोधायचं. साल पांढुरकी, डहाळी जाड, वण समोरासमोर, हे तिन्ही जुळवलं तर शिवण. ‘धावडा’च्या शेजारी ‘शिवण?’ लिहिलं.

क्र. ६ ला फार वेळ लागला नाही. डहाळी चक्क चौकोनी, बाजूंना उथळ पन्हळी, वर लव, वण समोरासमोर. शेंड्यावर गेल्या हंगामातल्या फळांचे वाळलेले, फुग्यासारखे कोश अजून लटकलेले. साग. याला ओळखायला डोळे तरी कशाला हवेत, चिमटीत डहाळी फिरवली तरी कळेल.

आणखी एक गुंता नोंदवून ठेवते. ऐन आणि अर्जुन यांच्या जोड्या नेमक्या समोरासमोर नसतात, एक वण किंचित वर सरकलेला असतो. एकाच जोडीचा फोटो पाहून निर्णय घेतला तर अर्ध्या वेळा चूक. चार-पाच जोड्या पाहाव्या लागतात, म्हणून डहाळीचा लांब तुकडा टिपायचा.

२२ फेब्रुवारी

वणांचे जवळचे फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले. आजवर हे डाग वाटायचे. आता त्यात वाचण्यासारखं दिसायला लागलं आहे.

पान गळायच्या आधी देठाच्या मुळाशी एक पातळ थर तयार होतो, देठ तिथूनच सुटतो, आणि खालची जखम बुचासारख्या थराने बंद होते. म्हणून वणाची कड इतकी रेखीव असते, जणू सुरीने कापली आहे. वारा लागून मोडलेल्या काटकीची जागा अशी नसते, तिथे तंतू निघालेले असतात. वणाच्या आत बारीक ठिपके दिसतात. पानात पाणी नेणाऱ्या वाहिन्या तिथे तुटल्या. वणाचा आकार आणि ठिपक्यांची मांडणी मिळून त्या झाडाची सही होते.

क्र. ११ ची सही वेगळीच आहे. प्रत्येक वणापाशी डहाळीभोवती पूर्ण गोल रेघ, बांगडी घातल्यासारखी. शेंड्याचा कोंब निमुळता, टोकदार, टोपी घातलेला. वड-पिंपळाच्या गोतात कोवळ्या पानाला झाकणारं उपपर्ण डहाळीला पूर्ण वेढून असतं, ते गळलं की ही बांगडी उरते. पान नसलं तरी गोत्र ठरलं. गोत्रात कोण, हे डहाळीवरून सांगणं मला जमत नाही. पानझड पूर्ण झालेली, म्हणून ‘पायर?’ लिहिलं आणि पुढे गेले.

आता क्र. १७. याच्यावर सगळा दिवस गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

डहाळी अंगठ्याएवढी जाड, करडी, बोथट शेंड्याची. वण एकाआड एक, मोठे, रुंद, खाली निमुळते होत गेलेले, हृदयाच्या आकाराकडे झुकणारे. शेंड्याला ते इतके दाटीने बसलेले की एकमेकांना टेकतात, खाली मात्र दोन-दोन बोटांच्या अंतरावर. म्हणजे पानं फांदीच्या टोकाला झुपक्याने येत असणार. काटा नाही. उपपर्णाची खूण दिसत नाही. चीक आहे का ते फोटो सांगणार नाही.

एवढ्यावर चार उमेदवार उरतात, आणि चारही मोठ्या संयुक्त पानांचे, झुपक्याने पानं येणारे, जाड डहाळीचे : मोई, सालई, काकड आणि महारुख. मोईला कुणी शिमट म्हणतं, कुणी मोया. गोंधळ नको म्हणून शास्त्रीय नावही लिहून ठेवते, लॅनिया कोरोमंडेलिका. पानं असताना या चौघांत कुणी गोंधळणार नाही. पानं नसताना चौघेही एकाच घरातले भाऊ वाटतात.

पेन्सिलीने लिहिलेलं ‘काकड’ अजून तिथेच आहे. ते फक्त सालीच्या जोरावर लिहिलं होतं.

२६ फेब्रुवारी

सकाळी क्र. १७ पाशी गेले आणि या वेळी वर न बघता खाली बघितलं. झाडाखाली वाळक्या काड्यांचा खच. आधी या काटक्या वाटल्या होत्या. एक उचलून पाहिली तर हिला साल नाही, डोळा नाही, आणि एक टोक फुगीर, पसरट. ही काटकी नाही, संयुक्त पानाचा मधला दांडा आहे. पर्णिका गळून गेल्या, दांडा उरला.

दांड्यावर पर्णिकांच्या जागा स्पष्ट दिसतात, समोरासमोर बारीक गाठी. मोजल्या : चार जोड्या आणि टोकाला एक, म्हणजे नऊ पर्णिका. दुसऱ्या दांड्यावर तीन जोड्या आणि एक. पंधरा दांडे मोजले, नऊ किंवा सात, एकावर अकरा. लांबी वीतभर ते सव्वा वीत.

इथे चौघे भाऊ पहिल्यांदा वेगळे झाले. सालईच्या पानाला पर्णिकांच्या आठ ते पंधरा जोड्या असतात. महारुखाचं पान हातभर लांब, त्यातही जोड्या भरपूर. काकडाच्याही जोड्या यापेक्षा जास्त. सात ते अकरा पर्णिका म्हणजे मोई.

आनंदात घरी यायला निघाले, आणि क्र. २२ पाशी थबकले. त्याच्याही खाली तसेच दांडे, सात-नऊ गाठींचे. पण क्र. २२ ची साल कागदासारखी, पातळ पापुद्रे सुटणारी, आणि पापुद्र्याखाली हिरवट. हाही मोईच? की दांडे वाऱ्याने क्र. १७ खालून इकडे आले? उतारावर क्र. २२ खालच्या अंगाला आहे.

दांड्याचं फुगीर टोक हा तर किल्लीचा दांता आहे, आणि वण म्हणजे कुलूप. क्र. १७ ची खालची फांदी वाकवली, दांड्याचं टोक वणावर ठेवलं. कडेला कड बसली, वरची खाचही जुळली. ओल्या मातीत उठलेल्या पावलावर तोच पाय ठेवावा तसं. मग तेच दांडे क्र. २२ च्या वणांवर ठेवले. एकही बसेना, टोक मोठं, वण लहान. क्र. २२ च्या मुळाशी दगडांच्या फटीत शोधल्यावर त्याचे स्वतःचे दांडे मिळाले, बारीक आणि गाठींनी गच्च भरलेले. एकावर बारा जोड्या मोजल्या. ते बसले. क्र. २२ सालई.

दोन्ही जुळण्यांचे फोटो काढले, नाहीतर बाईंना पटणार नाही. यापुढे सहावा फोटो सक्तीचा : झाडाखालचा दांडा वणाला लावून. दांडे जमवायचे ते बुंध्याच्या वरच्या अंगाने, जिथे वारा आणि उतार मिळून दुसऱ्या झाडाचा पाचोळा आणून टाकत नाहीत.

२ मार्च

बाई म्हणाल्या, “दांडा हा पाचोळा आहे, झाड नाही. झाडावरचाच पुरावा आण.”

मोईच्या कोवळ्या भागावर तांबूस लव असते आणि तिचे केस एकेकटे नसतात, एका बिंदूतून चहूबाजूंना फुटलेले, चांदणीसारखे असतात. सालई-काकडाची लव साधी. म्हणजे प्रश्न फक्त शेंड्याच्या कोंबाचा नीट फोटो मिळण्याचा.

मोबाइलला चिमट्याने लावायचं भिंग आणलं. त्याचा फोकस केसभर जाडीचा, वारा सुटला की गेला. पहिल्या चाळीस फोटोंत नुसता तांबूस धूर. मग डहाळी बांबूच्या काठीला दोन ठिकाणी दोऱ्याने हलकेच टेकवून बांधली, मोबाइल हातात न धरता दुसऱ्या काठीला टेकवला, आणि श्वास रोखून फोकस न बदलता मोबाइलच पुढेमागे सरकवला. एकोणतीस फोटोंतल्या तीनमध्ये कोंबाची कड स्पष्ट आली. पडद्यावर मोठं केलं तर कडेला चांदण्याच चांदण्या.

इथे कोंबाबद्दल एक गोष्ट लक्षात आली. थंड प्रदेशांतल्या पानझडी झाडांच्या कोंबांवर खवल्यांचं चिलखत असतं, तिथल्या ओळखीचा बराचसा भार त्या खवल्यांच्या संख्येवर आणि रंगावर असतो. पुढे खवले गळले की डहाळीवर बारीक कड्यांचा पट्टा राहतो आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एका वर्षाची वाढ. आपल्या या चोवीस झाडांत बऱ्याच ठिकाणी कोंब उघडाच आहे, खवल्यांऐवजी लव. खवले शोधण्यात मी सुरुवातीचे दोन दिवस घालवले, ते वाया गेले. लवेकडे आधीच बघायला हवं होतं.

क्र. १७ च्या पानावर ‘काकड’च्या शेजारी ‘मोई’ लिहिलं, प्रश्नचिन्ह नाही.

त्यानंतर सालीचा फोटो पुन्हा उघडला. आता दिसतं की सुटणारे तुकडे लहान आहेत, पातळ आहेत. काकडाची साल जाड, मऊ, तिचे तुकडे मोठे. फोटोत पट्टी नव्हती म्हणून लहान तुकडे मोठे वाटले होते. नाव माहीत झाल्यावर सालीतलं सगळं दिसतं, आधी नाही. हा सालीचा मोठा दोष, की माझा?

१९ मार्च

क्र. १७ च्या बोथट शेंड्यांतून लोंबत्या मंजिऱ्यांचे झुबके आले आहेत. पान अजून एकही नाही. फुलं बारीक, पिवळट-हिरवी, थोडी जांभळट झाक. मोईबद्दल आता शंका नाही.

मंजिऱ्या जवळून पाहिल्या, सगळी फुलं नर. मोईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. म्हणजे क्र. १७ वर फळ कधीच धरणार नाही. आपण फोटोंत ‘जुनी फळं नाहीत’ हे लिहून एक-दोन नावं वगळली होती, ती पानं परत काढायला हवीत. फळ दिसलं तर पुरावा, नाही दिसलं तर काहीच नाही.

क्र. ३ च्या खाली लाल फुलांचा सडा आहे. मावसभावाचे याच आठवड्यातले फोटो अप्रतिम आहेत, आणि या वेळी कामाचेही.

७ एप्रिल

क्र. १४. ‘मोह?’ लिहिलेलं. याच्या डहाळ्यांचे बारा फोटो आहेत आणि एकातही धड डोळा नाही. वण आहेत, पण कडा झिजलेल्या, ठिपके बुजलेले. शेंडे मोडके. मी याला ‘अवघड’ म्हणून बाजूला ठेवून पुन्हा पुन्हा उघडत होते.

आज बाईंना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. “अगं, हे मेलंय.”

खालच्या फांदीची साल नखाने गुंजभर खरवडली. आत करडं, कोरडं. शेजारच्या क्र. १५ ची तशीच खरवडली तर लगेच हिरवी ओल. पानं नसलेलं झाड आणि मेलेलं झाड फोटोत एकसारखं दिसतं, फरक डहाळीत : जिवंत डहाळीचा डोळा भरलेला, साल ताणलेली, मेलेल्याची साल सुरकुतलेली किंवा लाकडापासून उचललेली, आणि बारीक काटक्या आधीच झडून गेलेल्या. पुढच्या वेळी डहाळीचा फोटो काढण्याआधी नखभर खरवडून पाहणं हे पहिलं काम. खोलवर नाही, आणि एका झाडाला एकदाच.

६ जून

पहिला मोठा पाऊस झाला आणि टेकडी ओळखू येईना. दोन दिवस फिरून तेवीस झाडं पडताळली.

क्र. १७ : पानाला नऊ पर्णिका, टोकाला एक. मोई.

क्र. २२ : दातेरी कडेच्या पर्णिका, बारा-तेरा जोड्या. सालई.

क्र. ९ : हृदयाच्या आकाराची मोठी पानं, समोरासमोर. शिवण. धावडा दोनशे पावलांवर आहे, त्याला क्रमांकच नाही.

क्र. ११ : पायर बरोबर निघाला, पण तो डहाळीवरून नाही, अंदाजाने. तो माझ्या खात्यात धरत नाही.

चुका दोन, आणि दोन्ही एकाआड एक वाटलेल्या पण तशा नसलेल्या झाडांच्या. एकात फिरवलेला फोटो काढलाच नव्हता. दुसऱ्यात काढला होता, पण फिरवताना डहाळी पाव फेऱ्याऐवजी अर्धा फेरा फिरली, त्यामुळे लपलेला वण दिसला आणि दिसणारा लपला, दोन्ही फोटोंत वण एकेकच. आता डहाळीला एका बाजूने खडूची बारीक रेघ मारून मगच फिरवायची.

११ फेब्रुवारीच्या, फक्त सालीवरच्या, पंधरा नावांपैकी सहा टिकली. त्यातली चार अशी, जी मला सालीआधी काटे किंवा शेंगांवरून ठाऊक होती.

क्र. १४ चा बिल्ला सोडून आणला. सुतळी चांगली आहे, ती धावड्याला बांधते, क्र. २५.